कॉस्प्ले चित्राशी जुळला का नाही ते कसं पाहायचं: तान्जिरोच्या ड्रेसवरून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गॅदरिंग असो, गणेश मंडळाचा कार्यक्रम असो नाहीतर नागपूरचा एखादा इव्हेंट, आपल्याकडची पोरं आता लय कॉस्प्ले, म्हणजे सिरीजमधल्या पात्रासारखा ड्रेस, करून राह्यली, आणि ड्रेस झाला की फोटो पाठवून एकच विचारतात, "कसा दिसते?" आता "मस्त दिसते" म्हणणं सोपं आहे पण त्याचा उपयोग काय, म्हणून चित्र बाजूला ठेवून नेमकं काय अन् कोणत्या क्रमानं पाहायचं ते इथं लिहून ठेवतो. उदाहरण म्हणून डीमन स्लेयर या जपानी ॲनिमे सिरीजमधला तलवारवाला पोरगा तान्जिरो घेतला कारण दहातले अर्धे फोटो त्याचेच येतात, आणि मधेमधे माझ्या मावसभावाचा ड्रेस येईल. तो दारव्ह्याकडं एका खेड्यात राहतो, हाओरी म्हणजे वरचा तो चौकडीचा अंगरखा गावातल्याच टेलरकाकांनी शिवला होता.

चित्र कोणतं धरायचं? नेटवर तर हजार आहेत.

पहिले एक ठरवा, मग बाकीचे बंद करा. तान्जिरो सगळीकडं सारखा नाही. कपाळावरचा डाग सुरुवातीला भाजल्याचा फिकट डाग असतो, फायनल सिलेक्शन म्हणजे राक्षस मारणाऱ्यांच्या भरतीच्या परीक्षेनंतर त्याचं रूप बदलते आणि पुढं तो गडद, ज्वाळेसारखा होते. तलवारीची मुठीजवळची चकती पहिले गोल चाकासारखी आहे, नंतर त्याच्या तलवारीला रेंगोकू नावाच्या मोठ्या योद्ध्याची ज्वाळेच्या आकाराची चकती लागते. कानातलं पत्त्यांसारखं आहे, त्यावरचं सूर्याचं डिझाइन तर काही देशांत दाखवताना बदललेलं आहे, किरणांच्या जागी आडव्या रेषा केल्या, म्हणून दोन ओरिजिनल वाटणारी चित्रं ठेवली तरी कानातलं वेगळं दिसू शकते. मग पोरगं डाग शेवटचा घेते, चकती पहिली घेते, कानातलं तिसरीकडचं घेते, अन् ज्याला सिरीज पाठ आहे त्याला ते लगेच खटकते.

फॅनआर्ट घेऊ नका, त्यात चित्रकारानं आपल्या मनचे रंग टाकलेले असतात. ॲनिमेवाल्यांनी दिलेलं उभं, पूर्ण अंगाचं, समोरून आणि मागून असं दोन्ही बाजूचं चित्र मिळालं तर सगळ्यात चांगलं, कारण त्यात उजेडाचे खेळ नसतात. लढाईतला स्क्रीनशॉट दिसायला भारी पण त्यात रात्रीचा निळा उजेड सगळ्या कपड्यांवर बसलेला असते, त्यावरून कापड घेतलं की फसलात.

आणि अजून एक, चित्र उलटं तर नाही ना ते पाहा. बरेच जण पोस्ट करताना चित्राचं डावं-उजवं पलटवतात. तान्जिरोचा डाग त्याच्या स्वतःच्या डाव्या कपाळावर आहे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला उजवीकडं दिसते, आणि तलवार डाव्या कमरेला. दोन्ही दुसऱ्या बाजूला दिसले तर चित्र पलटवलेलं आहे.

स्वतःचा फोटो कसा काढायचा? आरशातला सेल्फी चालते का?

नाही चालत. आरशात डावं-उजवं पलटते, आणि बऱ्याच मोबाइलचा पुढचा कॅमेरापण सेल्फी पलटवून सेव्ह करतो. त्याच्यावरून डाग तपासला तर चुकीच्या बाजूचा डागपण बरोबर वाटेल. मावसभावाचं हेच झालं होतं, डाग उजव्या कपाळावर काढला अन् सेल्फीत सगळं एकदम चित्रासारखं.

दुसऱ्याला फोटो काढायला लावा, मागच्या कॅमेऱ्यानं. काढणारा बारा-पंधरा फूट लांब उभा राहिला पाहिजे, मोबाइल छाती ते कमरेच्या मधे धरायचा, सरळ, वर-खाली कलता नाही, आणि जवळ यायचं असेल तर पायानं नाही, झूमनं यायचं. चार फुटांवरून डोक्याच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढला की डोकं मोठं अन् पाय बारके दिसतात, मग विग मोठा आहे का फोटोच तसा आहे ते कळतच नाही. जागा म्हणाल तर घराच्या सावलीच्या बाजूची पांढरी नाहीतर फिकट भिंत, सकाळी नऊ-दहाची वेळ. मार्च ते मे दुपारी बाहेर काढूच नका, उन्हात रंग पांढरे पडतात आणि मेकअप तर फोटोच्या पहिलेच खाली येते.

चित्रातला तान्जिरो जसा उभा आहे तसंच उभं राहायचं. तो सरळ उभा असेल आणि तुम्ही तलवार उपसून एक पाय पुढं टाकला असेल तर तुलना कशाची करणार? स्टाइलचे फोटो नंतर काढा.

सिल्हूट सिल्हूट सगळे म्हणतात, ते नेमकं कसं तपासायचं?

म्हणजे फक्त बाह्य आकार, काळी छाया. मोबाइलच्या फोटो एडिटरमधे ब्राइटनेस पूर्ण खाली घ्या, कॉन्ट्रास्ट पूर्ण वर घ्या, फिकट भिंतीसमोर तुम्ही जवळजवळ काळे दिसाल. चित्राचंही तेच करा. आता दोन्ही एकाच उंचीचे करून शेजारी ठेवा. डोळे थोडे बारीक करून पाहिलं तरी चालते.

तान्जिरोच्या छायेत चार गोष्टी दिसतात. वर मागं गेलेले टोकदार केस, मग हाओरीच्या रुंद बाह्यांमुळं खांद्याखाली पसरलेला आकार, त्याच्या खाली गुडघ्यापर्यंत फुगीर पँट, आणि नडगीवर एकदम घट्ट. तो बहिणीला ज्या पेटीत घेऊन फिरते ती पेटी पाठीवर असेल तर पाचवी. म्हणजे वरून खाली आकार रुंद-रुंद होत येते आणि गुडघ्याखाली अचानक बारीक होते, तीच त्याची ओळख आहे, रंग नंतरची गोष्ट.

मावसभावाच्या छायेत हा फरक नव्हताच. टेलरकाकांनी कुर्त्याचं माप घेऊन शिवलं होतं, म्हणजे बाही हाताला चिकटून, बगलेत गोल कापलेली, अन् खाली दोन्ही बाजूला कट. काकांची काय चूक, त्यांना कोणी सांगितलंच नाही की हाओरीची बाही म्हणजे सरळ आयताकृती कापडाची पिशवी असते, खांद्याची शिवण खांद्यावर नाही तर दंडावर येते. हात खाली सोडला की बाहीचं कापड मनगटाखाली लोंबलं पाहिजे. आम्ही ती बाही उसवून नवीन लावली, बाहीची उभी रुंदी कुर्त्यात नऊ इंच होती ती सोळा इंच केली, बाकी अंगाला हात लावला नाही. तेवढ्यानंच छाया अर्धी जुळली.

खालची पँट जीन्सवर भागवतात ते मात्र बिलकुल नका करू. घरी जुनी पटियाला सलवार असते, ती गडद रंगाची असली की गुडघ्यापर्यंतचा फुगवटा तयार मिळते, नडगीवर मेडिकलमधली क्रेप बँडेज गुंडाळायची आणि फुगवटा थोडा त्याच्यावर सोडायचा. बँडेज फार कसून नका बांधू, पाय सुन्न पडतात.

उंची-लांबी मोजायची कशी? मी बुटका, तो चित्रातला वेगळाच.

ॲनिमेच्या चित्रात डोकं मोठं असते. माणूस साधारण सात-साडेसात डोक्यांएवढा उंच असते, चित्रातला पोरगा सहाच्या आसपास निघते. म्हणून डोक्याच्या मापानं बाकी काही मोजायचं नाही, आणि चित्र तुमच्या अंगावर ट्रान्सपरंट करून ठेवलं तरी ते कधीच बसणार नाही, त्यात रडायचं काही नाही.

मापं सांध्यावरून घ्या. हाओरी चित्रात गुडघ्याच्या किती वर संपते? कंबर ते गुडघा या अंतराचे मनात चार भाग करा आणि शेवट कोणत्या भागात येते ते पाहा, मग तुमच्या अंगावर त्याच भागात आणा. बाही मनगटाच्या कुठं, कानातल्याचं खालचं टोक जबड्याच्या कुठं, बेल्ट बेंबीच्या वर का खाली, असंच सगळं. तुम्ही पाच फुटाचे असा का सहा फुटाचे, गुडघा गुडघ्याच्याच जागी असते.

चौकड्या किती मोठ्या पाहिजेत? बाजारात छापील कापड मिळते ते चालेल?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडते कारण इथंच सगळे घसरतात. बाजारात जे हिरवं-काळं चेक्सचं कापड मिळते त्याची चौकडी बहुतेक वेळा दोन-तीन इंचाची असते, कारण ते शर्टासाठी नाहीतर चादरीसाठी केलेलं असते. लांबून ती चौकडी दिसतच नाही, हिरवा-काळा मिसळून मळकट दिसते.

मोजायची रीत अशी. चित्रात खांद्यापासून हाओरीच्या खालच्या काठापर्यंत सरळ खाली किती चौकड्या येतात ते मोजा, घडीत लपलेल्या अंदाजानं धरा. समजा सात आल्या. तुमची हाओरी खांद्यापासून काठापर्यंत 84 सेंटीमीटर असेल तर एक चौकडी 12 सेंटीमीटरची, म्हणजे पावणेपाच इंच. तुमच्या छोट्या भावाची हाओरी 63 सेंटीमीटरची असेल तर त्याची चौकडी 9 ची करायची, तुमच्याच कापडात त्याची शिवली तर त्याच्या अंगावर चौकड्या कमी बसतील आणि तो वेगळाच दिसेल. आकडा चित्रातला सारखा ठेवायचा, सेंटीमीटर आपल्या अंगाचे.

मग कापड कुठून आणायचं? साधं हिरवं सुती कापड घ्या आणि काळ्या चौकड्या फॅब्रिक कलरनं भरा, कडेला पेंटरवाला मास्किंग टेप लावून. शिवायच्या पहिले रंगवायचं, नाहीतर शिवणीवर रंग जाड बसते. फक्त एक ध्यानात ठेवा, पाठीच्या मधल्या शिवणीवर दोन्ही बाजूच्या चौकड्या जुळल्या पाहिजेत. हिरव्याशेजारी काळा, काळ्याशेजारी हिरवा. शिवणीवर काळ्याला काळा लागला तर पाठीवर एक लांबडा काळा ठोकळा तयार होते आणि तो फोटोत सगळ्यात पहिले दिसते. खडूनं आखून, टाचण्या लावून, एकदा अंगावर टाकून पाहा, मगच रंगाला हात घाला.

हिरवा कोणता? दुकानदार पोपटी देते, मी नाही म्हणतो, तो म्हणते हिरवाच तर आहे.

दुकानात "हिरवा" म्हणूच नका. मॅचिंग सेंटरमधे जा, जिथं ब्लाउजपीस अन् फॉल मिळतात, तिथल्या ताईंना रंगाचं आपल्यापेक्षा जास्त समजते. तान्जिरोचा हिरवा निळ्याकडं झुकणारा आहे, आपल्याकडं त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे रामा ग्रीन. पोपटी पिवळ्याकडं जाते, बॉटल ग्रीन काळ्याशेजारी दिसतच नाही, आणि मोरपंखी जास्तच निळा होते. टू-बाय-टू रुबियामधे रामा ग्रीनचे तीन-चार शेड सहज मिळतात, सगळ्यांचे छोटे तुकडे मागून आणा, देतात.

तुकडे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, बाहेर ओट्यावर सावलीत आणा. मोबाइलचा नाइट मोड, आय कम्फर्ट, जे काही पिवळं करणारं असेल ते बंद करा, ब्राइटनेस निम्म्याच्या वर ठेवा आणि चित्र उघडून तुकडा शेजारी धरा. मग चित्र आणि तुकड्याचा फोटो दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. ही पायरी लोक सोडतात आणि तीच कामाची आहे, कारण रंगाची जात थोडी इकडंतिकडं झाली तरी डोळा माफ करते, पण गडद-फिकटपणा चुकला की नाही करत. ब्लॅक अँड व्हाइटमधे हिरवा आणि काळा वेगवेगळे दिसले पाहिजेत, हिरवा मधला करडा, काळा काळा. दोन्ही एकसारखे झाले तर तुमचा हिरवा फार गडद आहे, कितीही "बरोबर शेड" असला तरी स्टेजवर चौकडी दिसणार नाही.

चमक पण रंगाचाच भाग आहे बरं का. साटीन घेतलं तर प्रत्येक घडीवर पांढरी रेघ येते आणि चित्रातला सपाट रंग हरवते. आतला युनिफॉर्म पण मॅट, टेरिकॉट चालते, शाळेच्या पँटीचं कापड म्हणून मागा.

विग घेतला पण डोकं भोपळ्यासारखं दिसते, काय करू?

विग नवीन आला की तो फुगलेलाच असते. दोन मापं घ्या. पहिलं, समोरून केसांची एकूण रुंदी चेहऱ्याच्या रुंदीच्या किती पट आहे, चित्रात आणि तुमच्या फोटोत. चित्रातल्यापेक्षा तुमचा आकडा मोठा आला तर बाजूनं कमी करायचं, आणि जवळपास सारखा असेल तरी कानाजवळ थोडं दाबूनच ठेवा कारण खऱ्या चेहऱ्याला एवढा फुगवटा झेपत नाही. दुसरं, भुवईपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत अंतर. तान्जिरोचे केस मागं वळलेले आहेत, कपाळ उघडं आहे, डाग दिसतो तो त्यामुळंच. विग कपाळावर पुढं सरकला असेल तर डागाला जागाच उरत नाही.

कमी करायचं ते वरून नाही, आतून. वरचा थर क्लिपनं बाजूला घ्या, खालच्या थरातले केस विरळ करणाऱ्या दातेरी कात्रीनं थोडे थोडे घ्या, दर चार-पाच कापांनी घालून पाहा. साध्या सिंथेटिक विगला स्ट्रेटनर लावू नका, वितळून चिकटते, पाकिटावर हीट रेझिस्टंट लिहिलं असेल तरच, तेही कमी तापमानावर, मागच्या एका बटेवर पाहून. टोकं उभी करायला हेअर स्प्रे आणि ड्रायर पुरते.

आता खरी अडचण. केस मागं वळवले की कपाळाची कड उघडी पडते, आणि स्वस्त विगला तिथं शिवलेली जाड पट्टी असते. ती दिसली की संपलं, बाकी कितीही चांगलं असो. लेस फ्रंट विगमधे ही कड जाळीवर एकेक केस गाठून केलेली असते म्हणून खरी वाटते, पण तो महाग. स्वस्तात करायचं तर स्वतःचे पुढचे अर्धा-एक इंच केस बाहेर काढायचे, विग त्याच्या मागून सुरू करायचा, आणि आपले केस मागं वळवून विगमधे मिसळायचे, वर टेम्पररी कलर स्प्रे. टक्कल करून आलेल्या पोराला हा उपाय नाही, हे पहिलेच सांगतो.

विगचा रंग लाल पाहिजे का काळा?

दोन्ही. मुळाकडं काळपट मरून आणि टोकाकडं लाल होत जाणारा. नुसता लालभडक घेतला तर तो तान्जिरो वाटत नाही. काळपट मरून विग घ्या आणि टोकं लाल करा. केसांचा नेहमीचा डाय किंवा मेंदी सिंथेटिकवर चढतच नाही, तो केस नाही, प्लॅस्टिकचा धागा आहे. टोकांपुरतं ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून स्पंजनं लावा, सुकताना बोटांनी मोकळे करत राहा नाहीतर टोकं काडीसारखी कडक होतात. फ्लॅशमधे विग चकाकत असेल तर टाल्कम पावडर अगदी कमी घेऊन झटकून द्या.

मेकअपमधे काय जुळवायचं? तो गोरा आहे, मी सावळा.

कातडीचा रंग जुळवायचा नाही. फाउंडेशन आपल्या मानेच्या रंगाचंच. पांढरं थापलं की चेहरा एक आणि मान-हात दुसरे, आणि फोटोत पहिले तेच दिसते. जुळवायचा असते तो फरक: चित्रात डाग कातडीपेक्षा किती गडद दिसते, भुवया किती ठळक दिसतात. सावळ्या रंगावर गुलाबी डाग काढला तर तो खाजेसारखा वाटते, तिथं मरून लिपस्टिकमधे थोडा तपकिरी आयशॅडो मिसळा. परत ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा, डाग दहा फुटांवरून दिसला पाहिजे.

डागाची जागा आरशात बघून काढताना गोंधळ होते म्हणून पहिले डाव्या भुवईच्या वर पेन्सिलनं चार ठिपके द्या, मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा, चित्राशी पाहा, मग भरा. वरचं टोक केसांत शिरते का, खालचं भुवईपासून किती लांब थांबते, कड सरळ आहे का ज्वाळेसारखी तुटक, एवढं पुरे. वरून पावडर दाबायची.

भुवया काळ्याच ठेवल्या आणि विग मरून, तर विग "घातलेला" दिसते. भुवईवरून मरून आयशॅडो एकदा फिरवा. डोळ्यात लाल लेन्स घालायच्या का म्हणाल तर डोळ्याच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय आणि मापाशिवाय नाही, आपल्या धुळीत तर नाहीच. तसाही दहा फुटांवरून डोळ्याचा रंग कोणाला दिसत नाही.

वडश्याच्या नाटकवाल्यांकडून मेकअप करून घेतला तर?

करा की, झाडीपट्टीच्या मेकअपवाल्यांचा हात लय बसलेला असते, आणि त्यांच्याकडं विग बसवायचीपण अक्कल आहे. फक्त त्यांना सांगा की हा मेकअप फोटोसाठी आहे. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला, तेही रात्रभर पिवळ्या-पांढऱ्या फोकसमधे, चेहरा दिसला पाहिजे म्हणून ते गालावर लाली अन् डोळ्याला काजळ जाड देतात. तेच मोबाइलच्या कॅमेऱ्यात चार फुटांवरून भडक होते. गावच्या स्टेजवर जायचं असेल तर मात्र त्यांचंच खरं, तुमचा नाजूक मेकअप हॅलोजनखाली पुसून गेल्यासारखा दिसेल.

तलवार, कानातलं आणि पेटी, यात काय पाहतात?

तलवारीत पहिले पाहतात लांबी आणि वाक. जपानी कटानाचं पातं 60 सेंटीमीटरच्या वर असते, मूठ धरून साधारण मीटरभर. पोरं पीव्हीसी पाइपचा अख्खा तुकडा घेतात अन् ती भाल्यासारखी होते. तलवार कमरेला लावून सरळ उभे राहा आणि म्यानाचं मागचं टोक तुमच्या पायाच्या कुठल्या भागापाशी येते ते आडव्या बाजूनं काढलेल्या फोटोत चित्राशी मिळवा. वाक हलका, कमानीसारखा, धार वरच्या बाजूला ठेवून डाव्या कमरेला. तान्जिरोचं पातं काळं आहे, चंदेरी नाही, हे चुकवणारेपण भेटले मला.

पातं इव्हीए फोमचं करा, योगा मॅटचं जाड फोम चालते, आत वाकवलेली पातळ पट्टी टाका म्हणजे लवणार नाही. चिकटवायला फेव्हिबॉण्डसारखं, ग्लू गन नाही, कारण उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीजवळ नाहीतर गाडीच्या डिक्कीत तो डिंक मऊ पडते आणि चकती निखळून हातात येते. लोखंडाचं पातं मुळीच नको, शस्त्र कायद्याचं लफडं होऊ शकते आणि गेटवर अडवतातच. एसटीत नेतानाही चादरीत गुंडाळून न्या, कंडक्टरला समजावत बसू नका.

कानातलं म्हणजे हानाफुदा पत्ते, जपानी खेळायच्या पत्त्यांसारखे उभे आयत. जाड कार्डावर प्रिंट काढून लॅमिनेट केले की झालं, पण चकाकणारं लॅमिनेशन घेऊ नका, फ्लॅशमधे डिझाइन जाते. लहान केले तर लांबून टिकल्या वाटतात, चित्रात त्यांचं टोक जबड्याच्या कुठं येते तसंच ठेवा. दोन्ही सारखे लटकतात का ते पाहा, एक फिरून उलटं झालं तर पांढरी पाठ दिसते, म्हणून दोन्ही बाजूनं प्रिंट चिकटवा.

पेटी घेणार असाल तर मागून काढलेलं चित्र शोधा आणि पेटीची रुंदी खांद्याच्या रुंदीशी मोजा. पुठ्ठ्याच्या खोक्यात काम होते, वरून लाकडाच्या रेघा रंगवा. फक्त आपल्याकडं पोरं टीव्हीचं खोकं घेतात, आणि मग मागून पेटीच चालत चाललीय असं वाटते.

सगळंच थोडं थोडं चुकलेलं आहे, पहिले काय दुरुस्त करू?

लांबून दिसते ते पहिले. तीस फुटांवरून आकार आणि केस दिसतात, दहा फुटांवरून रंग आणि चौकडी, हाताच्या अंतरावरून डाग, कानातलं, शिवण. याच क्रमानं जा.

मावसभावाच्या फोटोत सहा गोष्टी निघाल्या होत्या: बाही, फुगलेला विग, पोपटी कापड, बारीक छापील चौकडी, उलट्या बाजूचा डाग, आणि चंदेरी पातं. कार्यक्रमाला आठवडाच राह्यला होता. कापड बदलायला वेळ नव्हता म्हणून त्याच पोपटी-काळ्या अंगाला नवीन बाह्या लावल्या, विग आतून विरळ केला, पात्याला काळा रंग दिला, डाग बाजूला आणला, सगळं मिळून दोन संध्याकाळीत झालं. मग फिकट भिंतीपुढं परत फोटो काढला. छाया जवळपास बसली, पण ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर चौकडी अजून मळकट दिसत होती, तर एका दुपारी जुन्या बारीक चेक्सवरच काळ्या फॅब्रिक कलरनं मोठे चौकोन आखून भरले, मधले हिरवे तसेच सोडले. जवळून पाहिलं तर जुनी चौकडी दिसायची, दहा फुटांवरून नाही. हिरवा शेवटपर्यंत पोपटीच राह्यला, आणि ज्याला विचारलं त्यातल्या एकानंही ते बोलून दाखवलं नाही, बाही मात्र सगळ्यांनी पाह्यली.

चपलांचं काय?

जपानी झोरी म्हणजे त्याच्या चपला आपल्याकडं सहज मिळत नाहीत, गडद साध्या चपला आणि अंगठ्याचा मोजा वेगळा असलेले पांढरे मोजे घाला. पुढं काही नाही.

स्पर्धेत जज चित्र मागतात का?

बऱ्याच ठिकाणी मागतात, म्हणून ठरवलेलं तेच एक चित्र, समोरून आणि मागून, एका कागदावर प्रिंट काढून ठेवा. मोबाइलमधे दाखवायचं म्हटलं तर ऐनवेळी रेंज नसते नाहीतर स्क्रीनवर ऊन पडते. कागदाच्या मागं, काय मुद्दाम बदललं ते लिहा, जसं की चपला, कापडाचा पोत. चित्रात एक अन् अंगावर दुसरं दिसलं तर जज विचारतात, आणि उत्तर तयार असलं की ती चूक म्हणून मोजली जात नाही.

निघायच्या पहिले शेवटचं काय पाहू?

पूर्ण ड्रेस घालून अर्धा तास घरात बसा, मग परत मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा. बसल्यावर बँडेज खाली सरकते, बेल्ट वर चढते, विग मागं जाते, घामानं डागाची कड फुटते. काय सरकलं ते या फोटोत दिसते, तिथं आतून सेफ्टी पिन लावा, विगच्या खाली जाळीची टोपी घालून चार बॉबपिन आडव्या टाका, आणि लिपस्टिक, पावडर, दोन जास्तीच्या पिना खिशात ठेवा, हाओरीला खिसा नसते म्हणून युनिफॉर्मला आतून शिवून घ्या.